डोंबिवलीत फोन, दापोलीत पंप

2022च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या अनेक घरांतल्या दिव्यांनी मालकाचं ऐकणं अचानक सोडून दिलं. इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचा हब या घरांमध्ये बसवलेला होता. हब म्हणजे घरातले दिवे, पंखे, कुलपं, सेन्सर यांना एकत्र बांधणारी छोटी पेटी. त्या पेटीवरचा दिवा लाल झाला, फोनमधलं अ‍ॅप उघडेना, ग्राहक सेवेत कुणी उत्तर देईना. कंपनीच्या संकेतस्थळावर मात्र सगळ्या सेवा सुरळीत असल्याची पाटी तशीच झळकत होती. काही दिवसांनी खुलासा आला, तो असा की कंपनीची विक्री फिसकटली होती आणि कारभार गुंडाळण्यासाठी दुसऱ्यांच्या हाती गेला होता.

या प्रकरणातली खरी मेख पुढेच आहे. पेट्या बिघडल्या नव्हत्या. भिंतीवरची बटणं चालत होती, हबमध्ये आधी भरून ठेवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे कित्येकांचे दिवे संध्याकाळी लागतही होते. बंद पडला होता तो फोन आणि पेटी यांच्या मधला कंपनीचा सर्व्हर. घर मालकाचं, पेटी मालकाची, फोनही मालकाचा, आणि तरी सुट्टीवर गेलेल्या माणसाला स्वतःच्या ओसरीतला दिवा लावता येईना. जूनमध्ये जुन्या ग्राहकांच्याच एका गटानं कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केले, पण आता वर्गणी लावून. सगळ्यांचं नशीब इतकंही चांगलं नसतं. 2016च्या मे महिन्यात रिव्हॉल्व्ह या हबचा सर्व्हर त्याच्या नव्या मालकानं, म्हणजे नेस्टनं, कायमचा बंद केला तेव्हा ती पेटी निव्वळ शोभेची वस्तू उरली.

हा मधला सर्व्हर कंपन्यांना का लागतो, हे आधी समजून घ्यावं लागतं. त्यात त्यांची लबाडी नाही. घरचा राउटर बाहेरून येणाऱ्या कुणालाही आत सोडत नाही, आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र अडवत नाही. त्यामुळे हब स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती दिवसरात्र उघडी ठेवतो. तुमचा फोनही त्याच सर्व्हरशी बोलतो. तुम्ही ‘दिवा लाव’ म्हणता, निरोप सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो हबच्या उघड्या जोडणीवरून आत ढकलतो. ग्राहकाला राउटरला हातही लावावा लागत नाही, म्हणूनच ही सोय इतकी पसरली.

पण मधला सर्व्हर बंद पडतो तसा कधी चुकतोही. वाइझ ही अमेरिकेतली स्वस्त कॅमेऱ्यांची कंपनी. 2024च्या फेब्रुवारीत तिची सेवा काही तास कोलमडली आणि परत सुरू होताना सुमारे 13,000 ग्राहकांना आपल्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्या घरातली चित्रं दिसली. त्यातल्या दीड हजारांच्या आसपास लोकांनी ती उघडूनही पाहिली. एकाच ठिकाणी लाखो घरांचे धागे आले की कोणता धागा कुणाचा, हे त्या ठिकाणच्या सॉफ्टवेअरवर सोडावं लागतं.

सगळे मध्यस्थ एका माळेचे मणी नाहीत, हेही सांगायला हवं. होम असिस्टंट ही घरगुती ऑटोमेशनची खुली प्रणाली पॉलस स्काउटसेन यांनी 2013मध्ये सुरू केली. तिच्याशी जोडलेल्या नाबू कासा कंपनीची सशुल्क सेवा निरोप नुसता पोहोचवते. तो फोनपासून पेटीपर्यंत कुलूपबंद असतो, मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही. ज्याला राउटर, पत्ते, किल्ल्या या भानगडीत पडायचंच नाही त्यानं ती वर्गणी भरावी, त्यात काही वावगं नाही. पण ज्याला मधला माणूसच नको आहे त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे. तो म्हणजे फोनपासून घरापर्यंतचा स्वतःचा व्हीपीएन.

व्हीपीएन म्हटलं की आपल्याकडे लोकांचे कान टवकारतात. 2022च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी 5 वर्षं ठेवायला सांगितलं आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. तेव्हापासून ‘व्हीपीएनवर बंदी आहे ना?’ हा प्रश्न ऐकू येतो. तो नियम लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे. इथे जो व्हीपीएन म्हणतो आहोत त्यात विकणारा कुणी नाही. एक टोक तुमच्या फोनमध्ये, दुसरं तुमच्याच घरातल्या पेटीत, आणि मधल्या इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट कुलूपबंद. जोडणी झाली की फोनला वाटतं, आपण घरच्याच वायफायवर आहोत. आखातात राहणाऱ्यांनी मात्र आपल्या देशाचे नियम पाहून घ्यावेत. अमिरातीत व्हीपीएनच्या आडून गुन्हा केल्यास दंड 5 लाख दिरहमपासून सुरू होतो. स्वतःच्या घरचा दिवा लावणं हा गुन्हा नव्हे, पण नियम ठाऊक असलेला बरा.

एक चाचणी मात्र सगळ्याच्या आधी करायची. राउटरमधून इंटरनेटची वायर काढा, वायफाय चालू राहू द्या, आणि फोनवरून दिवा लावून पाहा. लागला तर तुमचा हब घरातल्या घरात स्वतःच्या अकलेनं चालतो, आणि त्याच्यापर्यंत व्हीपीएननं पोहोचण्यात अर्थ आहे. नाही लागला तर ते उपकरण प्रत्येक गोष्ट सर्व्हरला विचारूनच करतं. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त स्मार्ट प्लग याच जातीचे. तिथे व्हीपीएन कितीही चांगला बसवला तरी उपयोग शून्य, कारण घरात पोहोचून बोलायचं कुणाशी, हाच प्रश्न उरतो. झिगबीवर चालणारी किंवा टास्मोटा, ईएसपीहोम यांसारखं खुलं सॉफ्टवेअर घातलेली उपकरणं या चाचणीत पास होतात.

आता एक घर घेऊ. समजा, कुटुंब डोंबिवलीला आणि गावचं घर दापोली तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घराला कुलूप. अंगणात विहीर, विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप, गच्चीवर टाकी, मागे आंब्याची कलमं. कलमांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी हवं. पडवीत एक दिवा आणि गेटवर कॅमेरा. घरात फायबरचं कनेक्शन आहे आणि माजघरातल्या फळीवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट चालतं आहे. तेच या घराचा हब. पंपाला वायफायवरचा रिले थेट जोडलेला नाही. मोटर सुरू होताना जो विजेचा झटका बसतो तो अशा लहान रिलेला पेलवत नाही. म्हणून रिले फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर सांभाळतो.

घरात असताना फोनवर होम असिस्टंट उघडायचं तर पत्ता साधा असतो, म्हणजे घरच्या जाळ्यातला हबचा क्रमांक आणि पुढे `8123` हा पोर्ट. डोंबिवलीहून तो पत्ता अर्थातच चालत नाही. इथे पहिला मोह होतो तो राउटरमध्ये शिरून हा `8123` पोर्ट थेट जगाला उघडा करण्याचा. यूट्यूबवर तसं शिकवणारे कमी नाहीत. 2023च्या मार्चमध्ये होम असिस्टंटमध्ये एक भोक सापडलं, ज्याचा अधिकृत क्रमांक `CVE-2023-27482`. लॉगिन न करताच आतल्या व्यवस्थापनाच्या भागापर्यंत पोहोचता येत होतं, आणि गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला 10 पैकी 10 मिळाले. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांचा पोर्ट जगाला उघडा होता त्यांच्यासाठी दुरुस्ती टाकेपर्यंतचा प्रत्येक तास धोक्याचा होता. बंद घरातला हब तर कुणी महिनोन्‌महिने अपडेट करत नाही. ज्यांचा हब व्हीपीएनच्या आड होता त्यांच्यापर्यंत बाहेरचा कुणी पोहोचूच शकत नव्हता.

व्हीपीएनसाठी आज सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि 2020च्या मार्चमध्ये ते लिनक्सच्या 5.6 आवृत्तीत समाविष्ट झालं. मूळ कोड सुमारे 4,000 ओळींचा. जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या मानानं तो फारच आटोपशीर, त्यामुळे तपासायला सोपा. यात युजरनेम-पासवर्ड नसतो. प्रत्येक टोकाला किल्ल्यांची एक जोडी असते. गुप्त किल्ली त्या उपकरणाबाहेर कधी जात नाही आणि जाहीर किल्ली समोरच्याला द्यायची. ज्याची जाहीर किल्ली हबच्या यादीत नाही त्याला वायरगार्ड नकारसुद्धा कळवत नाही. तो गप्प बसतो. बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे, याचा पत्ताच लागत नाही.

फोनमधली वायरगार्डची फाइल एवढीच असते:

```
[Interface]
PrivateKey = (फोनची गुप्त किल्ली)
Address = 10.8.83.2/32

[Peer]
PublicKey = (घरच्या पेटीची जाहीर किल्ली)
Endpoint = ghar.example.org:51820
AllowedIPs = 10.8.83.1/32, 192.168.83.0/24
PersistentKeepalive = 25
```

यातली `Endpoint` ही ओळ घराचा बाहेरचा पत्ता सांगते. तो पत्ता राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो, म्हणून आकड्यांऐवजी नाव लिहायचं आणि डकडीएनएससारख्या मोफत सेवेनं ते नाव ताज्या आकड्याशी जोडत राहायचं. `AllowedIPs` ही ओळ बहुतेक जण न वाचता पुढे जातात, आणि गंमत तिथेच आहे. इथे फक्त घरच्या जाळ्याचे क्रमांक लिहिले आहेत, म्हणून पंपाचा निरोप तेवढा व्हीपीएनमधून जातो आणि बाकी सगळं नेहमीच्या रस्त्यानं. नेटवरच्या नमुन्यांमधून `0.0.0.0/0` उतरवून घेतलं तर फोनचं सगळं इंटरनेट दापोलीला जाऊन परत येऊ लागतं. मग डोंबिवली लोकलमध्ये व्हिडिओ अडखळतो आणि दोष मोबाइल कंपनीला मिळतो.

एवढं करून राउटरमध्ये `51820` हा यूडीपी पोर्ट रास्पबेरी पायकडे वळवला की काम व्हायला हवं. युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत ते होतंही. दापोलीत होत नाही.

कारण तिथल्या कनेक्शनला स्वतःचा बाहेरचा पत्ताच नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4चे पत्ते कधीच संपत आले. आशिया-पॅसिफिक विभागातला शेवटचा मोठा साठा 2011च्या एप्रिलमध्ये उघडला गेला. आपल्याकडे कोट्यवधी कनेक्शन आली ती त्यानंतर. मग सेवा देणाऱ्या कंपन्यांनी शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलं. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या चाळीला पोस्टाचा एकच पत्ता आणि खोल्यांना नंबरच नाहीत, असा हा प्रकार. चाळीतून पत्र बाहेर जातं, त्याचं उत्तरही बरोबर येतं, कारण कुणी काय पाठवलं याची नोंद दारावर असते. पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कुणाच्या खोलीत टाकायचं, हे पोस्टमनला कळायला मार्ग नाही. राउटरमध्ये पोर्ट वळवणं म्हणजे आपल्या खोलीचं दार उघडं ठेवणं. पत्र चाळीच्या फाटकातच अडकलेलं असतं.

आपल्याकडे सीजीनॅट आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या स्टेटस पानावर ‘WAN IP’ असा क्रमांक दिसतो. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशानंही सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की, कारण हा पट्टा 2012मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला आहे. काही कंपन्या `10.` ने सुरू होणारे क्रमांकही देतात. सोपी खूण अशी की राउटरवरचा क्रमांक आणि ‘माझा आयपी काय’ असं शोधल्यावर दिसणारा क्रमांक वेगळे असले, तर मध्ये कुणीतरी आहे. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात. तो मिळत असेल तर वर दिलेली फाइल चालते आणि लेखाचा पुढचा भाग सोडून दिला तरी चालेल.

नसेल तर दोन वाटा उरतात. एक, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये महिन्याला काही डॉलर भाड्यानं लहानसा सर्व्हर घ्यायचा. घरची पेटी आणि फोन दोघांनीही वायरगार्डनं त्याच्याशी जोडायचं. म्हणजे मध्यस्थ आहेच, पण तो तुमचा. त्याची निगाही अर्थात तुमचीच. दुसरी वाट टेलस्केलची. 2019मध्ये सुरू झालेली ही कंपनी आतून वायरगार्डच वापरते, पण दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असली तरी त्यांची गाठ घालून देते. युक्ती अशी की दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे निरोप टाकतात, आणि दोघांच्याही दारावर ‘मी आत्ताच याला पत्र पाठवलं’ अशी नोंद असल्यामुळे समोरून आलेला निरोप आत सोडला जातो. दोन्हीकडे आयपीव्ही6 असेल तर थेट जोडणी आणखी सोपी होते. काहीच जमलं नाही तर निरोप टेलस्केलच्या स्वतःच्या सर्व्हरवरून फिरून जातो. त्यातला एक बेंगळुरूला आहे.

इथे चिकित्सक वाचक विचारील की मग टेलस्केल हीदेखील मधली कंपनीच झाली ना? झालीच. फरक दोन आहेत. गुप्त किल्ल्या तुमच्या उपकरणांतच राहतात. कंपनी फक्त कोणाची जाहीर किल्ली कोणती, याची यादी सांभाळते, आणि तिच्या सर्व्हरवरून गेलेला निरोप तिलाच वाचता येत नाही. दुसरं म्हणजे ही कंपनी उद्या बंद झाली तरी तुमचा हब तिच्या मालकीचा नाही. हेडस्केल नावाचं खुलं सॉफ्टवेअर तिच्या यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरची जागा घेऊ शकतं, किंवा वरच्या भाड्याच्या सर्व्हरवर जाता येतं. इन्स्टिऑनच्या ग्राहकांना असा पर्याय शोधायला वेळच मिळाला नव्हता. एक शंका मात्र रास्त आहे. नव्या उपकरणाला आत घेण्याचा अधिकार तुमच्या टेलस्केल खात्याकडे, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत गुगलच्या लॉगिनकडे असतो. ते लॉगिन चोरीला गेलं तर घराचा दरवाजा गेला. तिथे दोन टप्प्यांची पडताळणी नसेल तर पुढचं काही करू नये.

दापोलीच्या घरासाठी टेलस्केल हीच वाट बरी. वैयक्तिक वापराला ती मोफत आहे, आणि होम असिस्टंटमध्ये टेलस्केलचं अ‍ॅड-ऑन तयार मिळतं. ते बसवायचं, उघडणाऱ्या पानावर लॉगिन करायचं, फोनमध्ये टेलस्केलचं अ‍ॅप टाकून त्याच खात्यानं आत जायचं. हबला `100.` ने सुरू होणारा एक खाजगी क्रमांक मिळतो. सीजीनॅटचा क्रमांकही याच पट्ट्यातला असतो, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पाहून गोंधळ होतो, एवढंच. होम असिस्टंटच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून हा क्रमांक आणि पुढे `:8123` लिहिलं की डोंबिवलीत पंपाचं बटण दिसू लागतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात टेलस्केल घालता येत नाही. त्याच्यासाठी हबलाच घरच्या जाळ्याचा वाटाड्या करावा लागतो आणि टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर त्या मार्गाला मंजुरी द्यावी लागते. ही मंजुरी द्यायचं राहून जातं आणि ‘हब दिसतो, कॅमेरा दिसत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आता जिथे गाडी अडते त्या जागा. पहिली तर खास कोकणी म्हणावी अशी. टेलस्केलमध्ये प्रत्येक उपकरणाच्या किल्लीची मुदत मुळात 180 दिवसांची असते. मुदत संपली की त्या उपकरणावर जाऊन पुन्हा लॉगिन करावं लागतं. गणपतीच्या सुट्टीत उत्साहानं सगळं बसवलं, तर बरोबर शिमग्याच्या सुमारास, म्हणजे कलमांना पाण्याची गरज असतानाच हब दिसेनासा होतो. काही बिघडलेलं नसतं. व्यवस्थापन पानावर हबच्या नावापुढे ‘Expired’ लिहिलेलं असतं. उपाय एका क्लिकचा आहे. त्याच पानावर हबपुरती ‘Disable key expiry’ ही सोय निवडायची. पण ती बसवतानाच निवडलेली बरी. फोनची मुदत मात्र तशीच राहू द्यावी, कारण फोन हरवतो, हब हरवत नाही.

दुसरी जागा घरच्या जाळ्याच्या क्रमांकांची. बहुतेक राउटर कारखान्यातून `192.168.1.x` किंवा `192.168.0.x` हे क्रमांक घेऊन येतात. ऑफिसच्या किंवा लॉजच्या वायफायवरही तेच असतात. मग फोन `192.168.1.20` हा दापोलीचा कॅमेरा मागतो आणि तो क्रमांक आपल्या शेजारीच आहे, अशा समजुतीनं लॉजमध्येच शोधत बसतो. ओळखायची खूण अशी की मोबाइल डेटावर सगळं नीट चालतं आणि विशिष्ट वायफायवर मात्र नाही. कधी तर घराच्या राउटरऐवजी भलत्याच राउटरचं लॉगिन पान समोर येतं. म्हणून घरचं जाळं सुरुवातीलाच आडवळणाच्या क्रमांकावर हलवावं. वरच्या नमुन्यात `192.168.83.x` आहे ते याचसाठी. सगळी उपकरणं बसवून झाल्यावर हा बदल करणं म्हणजे प्रत्येक रिले, प्रत्येक कॅमेरा पुन्हा जोडत बसणं.

स्वतःचा वायरगार्ड चालवणाऱ्यांची फसगत होते ती त्याच्या बटणामुळे. अ‍ॅपमधलं बटण सरकवलं की ते ‘चालू’ दिसतं. समोर हब असो, नसो, पत्ता चुकलेला असो, किल्ली चुकीची असो, बटण चालूच दिसणार, कारण वायरगार्ड नकार कळवतच नाही. पाहायचं ते ‘Latest handshake’ या ओळीकडे. तिथे काही सेकंदांपूर्वीची वेळ असेल तर दोन्ही टोकं खरोखर भेटली आहेत. ती ओळच नसेल, पाठवलेल्या बाइट्सचा आकडा वाढतो आहे आणि आलेल्यांचा शून्यावर आहे, तर निरोप घरापर्यंत जातच नाही किंवा जाहीर किल्ली जुळत नाही. हातमिळवणी झाली आहे पण पान उघडत नाही, तर दोष व्हीपीएनचा नाही. क्रमांकांची टक्कर, `AllowedIPs` किंवा खुद्द होम असिस्टंट, यांपैकी काहीतरी आहे.

भाड्याच्या सर्व्हरची वाट धरणाऱ्यांना वीज गेल्यावर एक वेगळंच कोडं पडतं. नव्या पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या रास्पबेरी पायमध्ये घड्याळ नसतं. वीज परत आली की तो जुन्याच वेळेवर जागा होतो. वायरगार्ड प्रत्येक हातमिळवणीवर वेळ लिहितो आणि आधीपेक्षा जुनी वेळ असलेली हातमिळवणी समोरचा नाकारतो, कुणी जुना निरोप चोरून पुन्हा पाठवू नये म्हणून. त्यामुळे पायला इंटरनेटवरून खरी वेळ कळेपर्यंत जोडणी होत नाही. सहसा मिनिटभरात सुटतं. पण पायचं सगळंच इंटरनेट व्हीपीएनमधून पाठवलं असेल तर वेळ विचारायलाही रस्ता उरत नाही आणि तो तसाच अडकून राहतो.

फोनकडूनही दोन अडचणी असतात. अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही एका वेळी साधारणपणे एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा ऑफिसचा व्हीपीएन सुरू केला की घरचा आपोआप बंद पडतो. शिवाय काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारं व्हीपीएन अ‍ॅप गुपचूप मारून टाकतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला ‘Unrestricted’ करून ठेवावं.

व्हीपीएन लावला म्हणजे घर क्लाउडमुक्त झालं, असंही समजू नये. ‘टाकी भरली’ ही सूचना फोनवर येते ती गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या सूचना-सेवेतूनच. अलेक्साला ‘पडवीचा दिवा लाव’ सांगायचं असेल तर तिच्या सर्व्हरला घरापर्यंत पोहोचण्याचा रस्ता लागतो आणि तो तुमच्या व्हीपीएनमध्ये येऊ शकत नाही. ज्यांचा सगळा भर आवाजावर आहे त्यांना नाबू कासासारखी वर्गणीच सोयीची. सगळ्यात मोठी मर्यादा मात्र तारेची आहे. 2020च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं आठवडे-आठवडे विजेविना होती. अशा वेळी व्हीपीएन काय नि क्लाउड काय, दोघंही सारखेच निरुपयोगी.

म्हणूनच पंप थांबवण्याचं काम फोनवर कधीच सोडायचं नाही. टाकीतला फ्लोट स्विच कॉन्टॅक्टरच्याच तारेत घालावा, म्हणजे टाकी भरली की हब झोपलेला असला तरी मोटर बंद होते. त्यावर रिलेमध्येच, हबमध्ये नव्हे, वीस मिनिटांची कमाल मर्यादा घालावी. टास्मोटात ती `PulseTime` या आज्ञेनं घालता येते. डोंबिवलीहून बटण दाबलं आणि पुढच्याच क्षणी फायबर तुटली, तरी पंप कोरडा चालत राहणार नाही. राउटर, फायबरचा डबा आणि रास्पबेरी पाय हे तिघं मिळून फार थोडी वीज खातात, ते एका लहान इन्व्हर्टरवर किंवा राउटरच्या यूपीएसवर ठेवावेत. पायमधलं मेमरी कार्ड वारंवार वीज गेल्यानं खराब होतं, त्याजागी एसएसडी लावलेली चांगली.

गावाहून निघायच्या आदल्या दिवशी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पंप एकदा चालू-बंद करून पाहा. मग घराचा मेन स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता सगळं परत उभं राहतं का, तेही डेटावरूनच तपासा. हबची किल्लीमुदत बंद केली आहे ना, एवढं पाहा, आणि राउटरचा प्लग कोणता ते शेजारच्या घरात दाखवून ठेवा. वर्षातून एखादा फोन त्यांना करावा लागतोच.